दगडखाणीत सुरुंगाच्या वेळी सुटणारा दगड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काळ्या दगडाच्या छोट्या खाणींवर मी बरीच वर्षं काम केलं, आधी ब्लास्टरचा मदतनीस म्हणून आणि नंतर मुकादम म्हणून. खाणमालक, डंपरचे ड्रायव्हर, खाणीला लागून शेत असणारे, असे सगळे फिरून फिरून जे प्रश्न पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा भाग दुसरीकडे लागतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आमची खाण लहान आहे, दहा-बारा माणसं. खाणीचे नियम आम्हाला लागतात का?

सुरुंग उडवत असाल तर लागतात. १९५२ च्या खाण कायद्याने मुरूम, खडी, साधा दगड काढणाऱ्या छोट्या उघड्या खाणींना सूट दिली, पण तिला तीन अटी घातल्या. खोली कुठेही ६ मीटरपेक्षा जास्त नसावी, एका दिवशी ५० पेक्षा जास्त माणसं नसावीत आणि स्फोटकं वापरलेली नसावीत. तिन्ही अटी एकदम पाळल्या तरच सूट. लोक फक्त माणसांची अट लक्षात ठेवतात. माणसं बारा असोत की पाच, महिन्यातून एक बार उडवला तरी सूट गेली. "आमची खाण म्हणजे काय कोळशाची खाण आहे का" असं म्हणणाऱ्या मालकांनी हे आधी समजून घ्यावं.

२. उडून आलेला दगड आणि सुटून पडलेला दगड, दोन्ही एकच ना?

नाही. या दोन गोष्टी एकच समजणं हेच निम्म्या अपघातांचं मूळ आहे, असं माझं ठाम मत आहे.

उडालेला दगड बाराच्या क्षणी लांब जातो. बहुतेक वेळा स्फोटकं भरलेल्या होलाच्या तोंडाशी मातीची ठासणी कमी पडलेली असते, नाहीतर होलापुढे दगडाची जाडी कमी असते. त्याचा धोका काही सेकंदांचा, पण लांबवरचा. सुटलेला दगड उडत नाही. बाराने खिळखिळा होऊन तो भिंतीत तसाच राहतो आणि दोन मिनिटांनी, दोन तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी खाली येतो. त्याचा धोका भिंतीच्या पायथ्याशी, पण बराच वेळ टिकणारा. पहिल्यासाठी अंतर लागतं, दुसऱ्यासाठी वेळ आणि तपासणी. बऱ्याच खाणींवर पहिल्याची तयारी दिसते, भोंगा वाजतो, झेंडे लागतात, आणि आवाज झाला की सगळे एकदम खाली धावतात. म्हणजे दुसऱ्या धोक्याच्या बरोबर तोंडात.

३. बार होऊन गेला, मग दगड नंतर कसा पडतो?

आपल्याकडचा काळा दगड अखंड दिसतो, पण तसा नसतो. लाव्हा थंड होताना त्याला उभ्या चिरा पडल्या, काही ठिकाणी तर खांबच्या खांब वेगळे झाले. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा असतो. तो पाणी धरतो आणि ओला झाला की साबणासारखा होतो. सगळ्यांत वर मुरूम आणि गोल धोंडे.

बार उडतो तेव्हा पुढचा दगड फुटून खाली पडतो, पण धक्का मागेही जातो. शेवटच्या रांगेच्या मागच्या चिरा उघडतात. ज्या खांबाला पुढून आधार होता त्याचा आधार गेलेला असतो आणि तो मागच्या चार बोटं दगडावर टिकून असतो. मग डंपरचा हादरा, ऊन्हाने दगडाचं फुगणं किंवा चिरेत शिरलेलं पाणी, यातलं काहीही पुरतं. त्यातच पायथा पोखरून वरचा भाग छज्जासारखा बाहेर ठेवला असेल तर विचारूच नका. असं पोखरायला नियमात मनाई आहे, तरी पोकलेनवाला सोपं पडतं म्हणून खालूनच उचलतो.

९ मीटरवरून सुटलेला दगड साधारण १.४ सेकंदांत खाली येतो, ताशी ४८ किलोमीटर वेगाने. "पडताना दिसला तर बाजूला होऊ" असं म्हणणाऱ्याने १.४ सेकंद मोजून बघावेत. मान वर करण्यातच ते संपतात. दगड मध्येच एखाद्या टप्प्यावर आपटला तर सरळ खाली न येता बाहेर फेकला जातो. त्यामुळे पायथ्यापासून चार पावलं लांब आहे म्हणून सुरक्षित, असं होत नाही.

४. बाराची वेळ कोणती ठेवावी?

रोज एकच, उजेडातली आणि माणसं तशीही कामावरून उठतात ती. छोट्या खाणीला जेवणाची सुट्टी सगळ्यांत बरी. माणसं आधीच बाहेर आलेली असतात आणि गावालाही वेळ पाठ होते. गेटवर आणि गावाकडच्या रस्त्यावर पाटी लावून वेळ लिहा.

संध्याकाळचा बार मला पसंत नाही. उजेड उतरल्यावर भिंतीवरच्या चिरा दिसत नाहीत, तपासणी उरकली जाते आणि लटकते दगड रात्रभर तसेच राहतात. सकाळी पहिला येणारा माणूस थेट त्यांच्याखाली उभा राहतो. शिवाय एप्रिल-मे महिन्यात दुपारी चारनंतर वळीव भरून येतो. होल भरलेले आणि आभाळ गडगडतंय, याच्याइतका वाईट प्रसंग नाही. डिटोनेटर कोणत्याही प्रकारचा असो, विजा दिसू लागल्या की भरणं थांबवायचं आणि भरलेल्या जागेपासून सगळ्यांनी बाराच्या वेळेइतकंच लांब जायचं. भरलेले होल त्याच दिवशी उडवायचे असतात, म्हणून उशिरा भरायला घेऊच नये. स्फोटकांची गाडी उशिरा आली तर त्या दिवशीचा बार रद्द. एका दिवसाच्या खडीचं नुकसान होतं, हे मला माहीत आहे. तरीही रद्द.

५. ३०० मीटर नेमके कुठून मोजायचे? खाणीच्या मधोमध का?

मधोमध नाही, बाराच्या जागेपासून. कोळसा आणि तेल सोडून बाकीच्या खाणींना लागणाऱ्या मेटलिफेरस माइन्स रेग्युलेशन्स, १९६१ मध्ये बाराच्या जागेभोवती ३०० मीटर त्रिज्येचं धोक्याचं क्षेत्र सांगितलं आहे. त्यात इशारा द्यायचा आणि आतल्या प्रत्येकाने योग्य आडोसा घेतला आहे याची खात्री करायची. होल एका रांगेत असतील तर दोन्ही टोकांच्या होलांपासून मोजा. बार जसजसा सरकतो तसतसं हे वर्तुळही सरकतं. मागच्या महिन्यात बाहेर असलेलं क्रशर या महिन्यात आत येतं, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही.

३०० मीटर हा किमान आकडा समजा. मोठ्या व्यासाचे खोल होल मारत असाल तर यापेक्षा लांब दगड जाऊ शकतो. कोळसा खाणींच्या २०१७ च्या नियमांत हेच अंतर ५०० मीटर आहे.

आता सुटणाऱ्या दगडाचं क्षेत्र. ते वर्तुळ नसतं, त्याचा आकार भिंतीसारखा असतो. बार पूर्वेच्या भिंतीला असला तरी उत्तरेच्या भिंतीतला आधीचा खिळखिळा दगड त्याच धक्क्याने पडू शकतो. म्हणून बार झाल्यावर खाणीतल्या सगळ्या भिंतींचा पायथा बंद धरायचा. माथ्याची कडासुद्धा बंद, कारण मागची चीर तिथेच उघडते आणि वर उभा असलेला माणूस दगडासकट खाली येतो. कडेपासून ३ मीटरच्या आत सुटा दगड, झाड किंवा मातीचा ढीग ठेवू नये असा नियम आहे, आणि बाराच्या दिवशी त्याचं महत्त्व लगेच कळतं.

६. बाराच्या वेळी कोण कुठे उभा असावा, एकदा उदाहरण देऊन सांगा.

एक खाण धरू. ९ मीटरची भिंत, वरचे २ मीटर मुरूम, १२ होल. माणसं १४: ब्लास्टर आणि त्याचा मदतनीस, होल मारणारे दोघे, पोकलेनवाला, ब्रेकरवाला, डंपरचे तीन ड्रायव्हर, क्रशरवरचे चौघे आणि मुकादम. क्रशर भिंतीपासून २२० मीटरवर, म्हणजे वर्तुळाच्या आत. बार दीड वाजता.

साडेबाराला होल मारणं पूर्ण होतं आणि यंत्रं बाहेर निघतात. भरायला फक्त ब्लास्टर आणि मदतनीस थांबतात. "हात लावू का" म्हणत तिसरा माणूस येतो, त्याला मुकादमाने परत पाठवायचं.

एक वाजता क्रशर बंद. नुसता पट्टा थांबवून केबिनमध्ये बसायचं नाही, चौघांनीही निघायचं. वरचा पत्रा ऊन अडवतो, दगड अडवत नाही. होल मारणारे दोघे आणि ब्रेकरवाला लाल झेंडे घेऊन निघतात: एक गावाच्या रस्त्यावर, एक ओढ्याच्या पायवाटेवर, एक माथ्यामागच्या माळावर. तिघेही ३०० मीटरच्या बाहेर आणि तोंड रस्त्याकडे. बार बघायला खाणीकडे वळलेला झेंडेवाला काही कामाचा नाही. माळावरचा माणूस बऱ्याच खाणी ठेवतच नाहीत, आणि मेंढरं घेऊन येणारा नेमका तिकडूनच येतो.

बाकीचे आठ, म्हणजे पोकलेनवाला, तीन ड्रायव्हर आणि क्रशरवरचे चौघे, ३५० मीटरवरच्या ठरलेल्या झाडाखाली. मुकादम तिथे नावं घेऊन मोजतो. आठ भरले आणि तिन्ही झेंडेवाल्यांनी "रस्ता बंद" कळवलं की तो ब्लास्टरला सांगतो. सात भरले तर बार थांबतो, मग आठवा कुठेही असो. माझ्या एका खाणीवर आठवा माणूस दोनदा पाण्याच्या टाकीमागे झोपलेला सापडला होता. त्यानंतर मी नावं वहीत लिहून, समोर तोंड बघूनच खूण करायला लागलो.

ब्लास्टर आणि मदतनीस पक्क्या आडोशात. १ वाजून २५ मिनिटांनी दुसरा भोंगा, दीडला बार. पुढचं प्रश्न ९ मध्ये.

खाणीशेजारी कामगारांच्या झोपड्या असतील तर त्यांनाही याच मोजणीत धरा. झोपडी ३०० मीटरच्या आत असेल तर बायका-मुलं रोज दुपारी बाहेर काढायची की झोपड्या हलवायच्या, हे मालकाने एकदाच ठरवावं. रोज बाहेर काढणं टिकत नाही. एखाद्या दिवशी मूल तापाने फणफणलेलं असतं आणि आई आतच राहते.

७. डंपरखाली किंवा पोकलेनच्या मागे बसलं तर चालतं का?

डंपरखाली कधीच नाही. खाणीतला उतार, बाराचा धक्का आणि हँडब्रेकचा भरवसा, तिन्ही तुमच्या विरुद्ध असतात. पोकलेनच्या मागे बसलात तर समोरून येणारा दगड अडेल, पण उडालेला दगड वरून येतो. आणि जुन्या भिंतीच्या सावलीत बसणं सगळ्यांत वाईट. उन्हाळ्यात एकच गार जागा तीच असते म्हणून लोक तिथे जातात, आणि प्रश्न ५ मध्ये सांगितल्याप्रमाणे धक्का त्या भिंतीलाही बसतो. आडोसा म्हणजे वरून आणि समोरून बंद, मजबूत छताची जागा, जिच्या डोक्यावर खाणीची भिंत नाही.

८. भोंगा किती वेळा वाजवायचा?

तुमच्या खाणीवर जो ठरला असेल तो, पण तीन वेगळे आवाज हवेत: बाहेर पडा, आता बार, आणि मोकळं. तिन्ही सारखे वाजले तर नवीन ड्रायव्हर दुसऱ्यालाच "मोकळं" समजून गाडी आत घालतो. पाटीवर लिहून ठेवा. क्रशर चालू असताना भोंगा ऐकू येत नाही, म्हणून क्रशर आधी बंद.

९. बार झाल्यावर किती वेळाने खाली जायचं?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. लोकांना मिनिटांचा आकडा हवा असतो. पण माझं म्हणणं असं की "मोकळं" हे एकदा न देता दोनदा द्यावं. एक रस्त्यासाठी, एक भिंतीसाठी.

प्रश्न ६ मधलीच खाण. दीडला बार झाला. आधी धूळ आणि धूर जाऊ द्यायचा. वारा पडलेला असेल तर दहा मिनिटंही कमी पडतात. मग फक्त ब्लास्टर आणि मुकादम पुढे जातात, तेही समोरून, पायथ्याला न चिकटता. बाराही होल उडाले का ते बघतात. उडाले असतील तर पावणेदोनच्या सुमारास पहिलं "मोकळं". झेंडेवाले परत येतात, रस्ता सुरू होतो, क्रशर सुरू होतं. पण भिंतीपुढे दोरी किंवा दगडांची रांग तशीच राहते, आणि तिच्या आत कुणीही नाही.

आता भिंत बघायची. मुकादम लांबून, ऊन भिंतीवर पडत असेल अशा बाजूने, पूर्ण भिंत डावीकडून उजवीकडे वाचतो. नवी चीर, बाहेर आलेला खांब, छज्जा, मुरुमातला उघडा पडलेला धोंडा. मग गप्प उभं राहून ऐकायचं. मोठा दगड सुटण्याआधी पुष्कळदा बारीक खर झरू लागते. चिरेतून रेतीसारखी धार लागते, थांबते, पुन्हा लागते. मला ज्यांनी शिकवलं ते मुकादम म्हणायचे, "खर झरतेय तोवर भिंत अजून बोलतेय, तिला बोलू दे." माथ्यावरही जायचं, पण कडेपासून लांबून, मागची चीर किती रुंद झाली ते बघायला. चिरेवर सिमेंटची टिकली लावून ठेवली असेल तर ती तडकली की नाही हे एका नजरेत कळतं.

लटकते दगड पाडून झाले (प्रश्न १०) की दुसरं "मोकळं". या खाणीवर ते अडीचला होईल, कधी साडेतीनला. ठरलेल्या मिनिटांवर नाही, भिंतीवर अवलंबून.

मी स्वतः पाहिलेला प्रसंग सांगतो. एका खाणीवर बार १ वाजून १० मिनिटांनी झाला. तीन डंपर खोळंबले होते म्हणून आठ मिनिटांत सगळं मोकळं केलं. दीडच्या पुढे होल मारणारा माणूस शेजारच्या भिंतीखाली मशीन लावत होता, म्हणजे ज्या भिंतीला त्या दिवशी बारच नव्हता. तो पाणी प्यायला उठला आणि मागे वळतो तोच घरातल्या कपाटाएवढा दगड मशीनवर बसला. दांडा वाकून जमिनीत गेला. उडालेल्या चिपेने त्याच्या पोटरीला सात टाके पडले. तो तांब्या हातात धरून कितीतरी वेळ तसाच उभा होता. भोंगा, झेंडे, अंतर, सगळं बरोबर होतं. चूक फक्त त्या आठ मिनिटांत होती.

१०. लटकता दगड पाडायचा कसा? पोकलेनने ओढला तर?

वरून खाली, या क्रमाने. खालचा आधी काढला तर वरचा तुमच्यावर येतो.

पोकलेन चांगलं, पण तिची पोच बघा. साधारण २० टनी पोकलेनचा बकेट जेमतेम ९ मीटरवर पोचतो, आणि तोही यंत्र भिंतीजवळ नेल्यावर. म्हणजे ९ मीटरच्या भिंतीला ती अपुरीच आहे. भिंतीची उंची पोकलेनच्या पोचेपेक्षा कमी ठेवणं हा खरा उपाय. तोवर फुटलेल्या मालाचा ढीग करून त्यावर यंत्र चढवतात. तसं करताना यंत्राचे पट्टे भिंतीकडे सरळ ठेवा, आडवे नाही, म्हणजे दगड सुटला तर एका झटक्यात मागे येता येतं.

हाताने पाडायचं तर माथ्यावरून, कमरेचा पट्टा मागे पक्क्या जागी बांधून, लांब पहारीने. खाली कुणीही नसावं आणि तसं सांगायला एक माणूस बाजूला उभा असावा. पहारीने दगड वाजवून बघा. खणखणीत वाजला तर तो अंगाला धरून आहे. बद्द आवाज आला तर मागे चीर आहे, मग तो दिसायला कितीही घट्ट असो.

११. एक होल उडालाच नाही, आणि त्याच्या वरच दगड लटकतोय. आधी काय करायचं?

आधी काहीच नाही. किमान अर्धा तास कुणीही जवळ जायचं नाही, झेंडेवाले जागेवर, पहिलं "मोकळं" नाही. नंतर फक्त ब्लास्टर बघतो.

इथे दोन धोके एकमेकांना अडवतात. दगड पाडायला पोकलेन नेली तर बकेटचा दात स्फोटकाच्या न फुटलेल्या कांडीवर बसू शकतो. होल निकामी करायला माणूस गेला तर डोक्यावर दगड. घाईत लोक पोकलेनला आधी घालतात, आणि तीच चूक. लटकता दगड लांबून, माथ्यावरून, न उडालेल्या होलाला धक्का न लावता पाडता येत असेल तरच पाडायचा. तो थेट त्या होलावर पडणार असेल तर तोही नाही. ते जमत नसेल तर ती पूर्ण बाजू बंद करून खाणीच्या व्यवस्थापकाने ठरवेपर्यंत तशीच ठेवायची, दोन दिवस लागले तरी.

होल निकामी करताना त्यातलं काहीही पहारीने उकरायचं नाही. शेजारी समांतर दुसरा होल मारून उडवतात, आणि जॅकहॅमरच्या लहान होलांसाठी तो पहिल्यापासून किमान ३० सेंटीमीटर अंतरावर लागतो. तो होलही लटकत्या दगडाखाली उभं राहून मारायचा नसतो. पाळी बदलत असेल तर पुढच्या ब्लास्टरला तोंडी नाही, लिहून द्यायचं.

१२. बार शेजारच्या खाणीचा असतो आणि दगड आमच्या भिंतीचा पडतो. आम्ही काय करणार?

दोन खाणींमध्ये पातळ भिंत उरली असेल तर त्यांचा बार तुमचाही बार आहे. त्यांची वेळ लेखी मागून घ्या आणि त्या वेळी तुमचाही पायथा रिकामा करा. त्यानंतर प्रश्न ९ मधलं दुसरं "मोकळं" तुम्हीही द्या. दोन्ही खाणींनी एकच वेळ ठेवली तर दिवसातून एकदाच काम थांबतं. फक्त दोन्ही बार एकदम उडवू नका, कारण मग कोणाचा होल राहिला ते मोजता येत नाही.

१३. पावसाळ्यात काही वेगळं?

पहिल्या मोठ्या पावसानंतरचा पहिला बार सर्वांत वाईट. उन्हाळाभर उघडलेल्या चिरांत पाणी भरलेलं असतं आणि तांबडा पट्टा भिजलेला असतो. बाराआधीच सकाळी पूर्ण भिंत बघा. माथ्यावरचं पाणी चर काढून बाजूला वळवा. पट्ट्यातून लाल पाणी ठिबकत असेल तर त्या बाजूला बारही नको आणि माणूसही नको.

१४. दगड पडून माणूस सापडला तर लगेच काय?

सगळे एकदम धावू नका. जिथून एक दगड आला तिथून दुसरा यायचा असतो, आणि वाचवायला गेलेले दोघे त्याच्याखाली येतात. एकाने फक्त भिंतीकडे बघत उभं राहायचं आणि खर झरली की ओरडायचं. बाकी दोघा-तिघांनी जखमीला काढायचं. दगड मोठा असेल तर पोकलेनने हळू उचलायचा, ओढायचा नाही. १०८ ला फोन आधीच लावलेला असावा, आणि रुग्णवाहिकेला गेटपासून आत आणायला एक माणूस रस्त्यावर.

माणूस बाहेर काढल्यावर जागा तशीच ठेवा आणि खाण सुरक्षा महासंचालनालयाला कळवा. दगड हलवून, भिंत साफ करून "व्यवस्थित" करायचा मोह होतो. पण कोणत्या चिरेतून तो सुटला आणि त्या दिवशी दुसरं "मोकळं" कोणी, किती वाजता दिलं, हे त्या न हललेल्या दगडावरून आणि मुकादमाच्या वहीवरूनच कळतं.